प ध नी सा' : चार आवाजांच्या एका ओळीच्या नोंदी

२६ ऑक्टोबर, सांगली

नाताळच्या उपासनेसाठी गायनमंडळाला चार आवाजांत एक गीत बसवून द्यायचं कबूल केलं आहे. शब्द मंडळातल्याच एका ताईंचे आहेत, चाल माझी. आजवर आमच्याकडे सगळे एकाच चालीत गातात आणि मी पेटीवर साथ करतो. या वेळी कोराल पद्धतीनं करायचं ठरलं: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास, चौघांना चार वेगवेगळ्या ओळी, अक्षर मात्र सगळ्यांचं एकाच वेळी पडणार. मंडळात अकरा जण आहेत, त्यात बासला दोघेच.

पट्टी पांढरी दोन धरली आहे. सगळ्यांना सरगम वाचता येते, स्टाफ नोटेशन दोघांनाच येतं, म्हणून सरगमच लिहितो आहे. खूण अशी: वरच्या सप्तकाला सुरापुढे उभी रेघ, खालच्या सप्तकाला स्वल्पविराम, त्याहून खालच्या सप्तकाला दोन स्वल्पविराम. बायकांचा मध्य सा हा मूळ सा धरला आहे.

ध्रुवपदाची शेवटची ओळ आधी लिहिली, कारण सगळं गीत तिच्यावर येऊन टेकतं. चार अक्षरं आणि चार सूर: प ध नी सा'. कॉर्डही सरळ आहेत. प खाली सा-ग-प, ध खाली म-ध-सा, नी खाली प-नी-रे आणि शेवटी पुन्हा सा-ग-प. पेटीवर हात ठेवला तर दोन मिनिटांचं काम.

```
सोप्रानो   प    ध    नी    सा'
आल्टो     ग    म    प     प
टेनर      सा   सा   रे    ग
बास       सा,  म,,  प,,   सा,
```

पेटीवर वाजवून पाहिलं, भरदार वाटलं. प्रती काढायला दिल्या.

२ नोव्हेंबर

तालीम. बाकीची ओळ ठीक, पण "ध" वरून "नी" वर जाताना काहीतरी बसतं. बसतं म्हणजे आवाज कमी होत नाही, उलट मोठा होतो, पण पातळ लागतो. तीनदा गाऊन घेतलं, तीनदा तिथेच.

आल्टोतल्या मावशी म्हणाल्या, "सर, मला तिथं माझाच आवाज ऐकू येत नाही. मी गाते की नाही तेच कळत नाही." मी आधी त्यांना जोरात गायला सांगितलं. त्या जोरात गायल्या आणि तरीही ओळखू आल्या नाहीत. मग बासच्या काकांना गप्प बसवलं, तर मावशी लगेच स्पष्ट ऐकू आल्या. म्हणजे दोष गळ्याचा नव्हता. बासनं आल्टोला गिळलं होतं.

३ नोव्हेंबर

रात्री कागद घेऊन बसलो. चार आवाजांत लिहिताना एक जुनी बंदी आहे: त्याच दोन आवाजांनी लागोपाठ दोन अक्षरांवर पंचमाचं, म्हणजे सा ते प एवढं, किंवा अष्टमाचं, म्हणजे सा ते वरचा सा एवढं, अंतर ठेवून सोबत सरकायचं नाही. चार आवाजांच्या जोड्या सहा होतात: सोप्रानो-आल्टो, सोप्रानो-टेनर, सोप्रानो-बास, आल्टो-टेनर, आल्टो-बास, टेनर-बास. प्रत्येक जोडीतलं अंतर आधीच्या अक्षरावर किती आणि पुढच्या अक्षरावर किती, एवढंच लिहीत गेलो. सप्तकं मोजायची नाहीत. दोन सप्तकं लांबचा म आणि म हाही अष्टमच धरायचा, आणि सप्तक ओलांडून असलेला पंचम हाही पंचमच.

पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना सहाही जोड्या साफ आहेत. तिथे बास सा वरून खाली म वर उतरतो आणि सोप्रानो, आल्टो वर चढतात. टेनर जागेवरच आहे.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र असं निघालं. आल्टो-बास: म वर म, मग प वर प. अष्टमानंतर अष्टम, आणि दोघेही एक-एक सूर वर. टेनर-बास: म वर सा, मग प वर रे. पंचमानंतर पंचम, दोघेही वर. म्हणजे एकाच ठिकाणी समांतर अष्टमही आणि समांतर पंचमही. सोप्रानो-बास म-ध वरून प-नी वर जातात, ते गंधाराचं अंतर आहे. समांतर असलं तरी त्याला आडकाठी नाही. आल्टो-टेनरमध्ये चौथ्या सुराचं अंतर दोन्हीकडे आहे, तेही मधल्या आवाजांत चालतं.

कारण सरळ आहे आणि ते माझ्या हातात आहे. पेटीवर म-ध-सा धरलेला पंजा तसाच एक घर उजवीकडे सरकवला की प-नी-रे मिळतो. पंजा सरकतो तेव्हा सगळी बोटं एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं जातात. साथीला हे चालतं, कारण तिथे कॉर्ड म्हणजे एक जाड रंग असतो. इथे प्रत्येक बोट म्हणजे एक माणूस आहे, आणि चार माणसं एकाच पंजात अडकली.

बास शेजारच्या सुरावर जातो आणि दोन्हीकडे कॉर्डचा मूळ सूरच बासमध्ये असतो, तेव्हा हा धोका सगळ्यात जास्त. म वरून प वर जाताना दोन कॉर्डमध्ये एकही सूर सारखा नसतो, त्यामुळे कुणालाच जागेवर थांबता येत नाही. सगळ्यांना हलावंच लागतं, आणि जवळचा सूर शोधायला गेलं की सगळे वरच जातात.

६ नोव्हेंबर, मिरज

तंबोऱ्याची जवारी काढायला दिली होती, तो आणायला सतारमेकर गल्लीत गेलो. कारागिरानं दोरा सरकवून खर्ज छेडला आणि मी तिथेच थांबलो. नीट लागलेल्या खर्जातून पंचम निघतो, वरचा सा निघतो आणि थोड्या वेळानं गंधारही ऐकू येतो. तो गंधार कुणी लावलेला नसतो, एकाच तारेतून तो आपोआप येतो. लहानपणापासून हे ऐकत आलो आहे, पण आज ते माझ्या कागदाशी जुळलं.

तारेचा मूळ सूर एक पट धरला तर त्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर एकाच वेळी निघत असतात. दुप्पट आणि चौपट म्हणजे वरचे सा, तिप्पट म्हणजे प, पाचपट म्हणजे ग.

घरी येऊन आकडे मांडले. पांढरी दोनच्या पट्टीत बासचा तो खालचा म सेकंदाला साधारण ९८ कंपनांचा. टेनरचा सा २९४, म्हणजे ९८ च्या तिप्पट. आल्टोचा म ३९२, चौपट. सोप्रानोचा ध पेटीवर ४९४, आणि ९८ ची पाचपट ४९०, म्हणजे जवळपास तोच. माझ्या दुसऱ्या कॉर्डमधले वरचे तिन्ही आवाज बासच्या सुराचेच स्वयंभू सूर होते! जणू म ला लावलेली एकच खर्जाची तार.

नुसतं एवढंच असतं तर बिघडलं नसतं. कॉर्ड अशीच बांधली जाते, म्हणून तर ती गोड लागते. बिघडलं पुढच्या अक्षरावर. बास ११० वर गेला, टेनर ३३० वर, आल्टो ४४० वर. पुन्हा तिप्पट, पुन्हा चौपट. कान एखादा सूर वेगळा ओळखतो तो त्याच्या वेगळ्या हालचालीवरून. जो सूर खालच्या सुराच्या पटीत आहे आणि खालचा हलला की बरोबर त्याच पटीत हलतो, तो कानाला वेगळा माणूस वाटतच नाही, खालच्याच आवाजाचा एक भाग वाटतो. मावशी गात होत्या, पण ऐकणाऱ्याला बासचा आवाज थोडा तेजस्वी झाला एवढंच कळत होतं. आवाज मोठा पण पातळ का लागत होता तेही यात आलं: गाणारे चौघे, ऐकू येणारे दोघे.

म्हणून बंदी पंचम आणि अष्टम या दोघांवरच आहे. गंधाराचं किंवा धैवताचं अंतर ठेवून दोन आवाज खुशाल बरोबर चालू शकतात. ते इतके एकमेकांत विरघळत नाहीत, शिवाय सप्तकात पुढे सरकताना ते अंतर कुठे मोठं होतं, कुठे लहान, त्यामुळे दोन्ही आवाज सुटे राहतात.

८ नोव्हेंबर

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न. नियमाचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे बास एका दिशेनं गेला तर बाकीच्यांना उलट दिशेनं न्यायचं. बास वर जातो आहे, म्हणून आल्टो आणि टेनर खाली. सोप्रानोला हात लावायचा नाही, ती चाल आहे.

टेनर सा वरून सगळ्यात जवळ खाली जायचं तर नी वर जाईल. तो मोह टाळला. नी सोप्रानोत आहेच, आणि नी ला वरच्या सा ची ओढ असते. दोन आवाजांत नी दिला तर पुढच्या अक्षरावर दोघेही सा वर जायला बघतात, म्हणजे नी-नी वरून सा-सा, पुन्हा समांतर अष्टम. तो दोष इथून उचलून एक अक्षर पुढे ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून टेनर प वर आणि आल्टो रे वर.

```
सोप्रानो   प    ध    नी    सा'
आल्टो     ग    म    रे    ग
टेनर      सा   सा   प,    प,
बास       सा,  म,,  प,,   सा,
```

सहा जोड्या पुन्हा तपासताना एकदा छातीत धस्स झालं. दुसऱ्या अक्षरावर बासच्या वर एक पंचम आणि एक अष्टम आहे, तिसऱ्यावरही एक पंचम आणि एक अष्टम आहे. मग सुटलं काय? सुटलं हे, की माणसं बदलली. आधी पंचम टेनरकडे होता, आता तो आल्टोकडे आहे. अष्टम आल्टोकडे होता, तो टेनरकडे गेला. नियम कॉर्डमध्ये पंचम असण्याबद्दल नाहीच. त्याच दोन आवाजांनी लागोपाठ दोन सुरांवर तेच अंतर ठेवून सरकण्याबद्दल तो आहे. त्यामुळे नुसतं कॉर्डकडे बघून दोष सापडत नाही. दोन कॉर्ड शेजारी ठेवून एकेका जोडीमागून बोट फिरवावं लागतं.

एक गोष्ट विद्यार्थ्याला लगेच सांगितली, तो शेजारी बसून बघत होता. त्यानं विचारलं, "सर, बासलाच प वर चढवण्याऐवजी खालच्या म वरून मधल्या सप्तकातल्या प वर उडी मारायला लावली तर?" किंवा एकाला वर आणि एकाला खाली पाठवून अष्टमावरून अष्टमावरच पोचलं तर? दोन्हींत सुटका होत नाही. पहिल्या उडीत दोघे अजूनही एकाच दिशेला आहेत. दुसऱ्यात दोघे दोन दिशांनी जाऊन पुन्हा त्याच नात्यात भेटतात, आणि कोरालमध्ये तोही दोषच धरतात. उलट दिशेला जाताना अंतराचं नावही बदललं पाहिजे.

९ नोव्हेंबर

तालीम. मावशी पहिल्याच फेरीत ऐकू आल्या. त्यांना स्वतःला ते कळलं, चेहऱ्यावर दिसलं.

पण त्यांनीच एक प्रश्न विचारला आणि तो अगदी योग्य होता. "आपण भजनात बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या सप्तकात गातो. सगळं भजन अष्टमात. मग तिथं कसं चालतं?" मी म्हटलं, भजनात चाल एकच आहे. ती दोन सप्तकांत दोन प्रकारच्या गळ्यांतून येते आणि शेवटपर्यंत एकच राहते. तिथे कुणी हरवत नाही, कारण वेगळं कुणी नव्हतंच. इथे तुम्हाला ओळीच्या सुरुवातीला वेगळी वाट दिली आहे. मधल्या दोन अक्षरांपुरती तुमची वाट बासमध्ये बुडाली आणि पुढे पुन्हा वर आली, तर ऐकणाऱ्याला चौघांतले दोघे गेले कुठे असं वाटतं. काका म्हणाले, "म्हणजे वारीत सगळे एका दिशेनं चालतात ते ठीक, पण चौघांनी पालखी उचलली असताना दोघांनी खांदा काढू नये." मला हे माझ्या उत्तरापेक्षा बरं वाटलं.

म्हणून समांतर पंचम कानाला वाईटच असतो असं मी मंडळात सांगत नाही. युरोपातल्या मठांत नवव्या-दहाव्या शतकात स्तोत्रं समांतर पंचमात आणि चौथ्या सुराच्या अंतरात मुद्दाम गायची रीत होती. गिटारवर रॉकवाले आजही नुसते पंचम सरकवतात आणि तो त्यांचा रंगच आहे. बंदी आली ती प्रत्येक आवाज स्वतंत्र ऐकू यावा असं ठरल्यावर. व्हिएन्नाच्या फुक्स या संगीतकारानं १७२५ साली हे नेमक्या शब्दांत बांधलं: पंचम-अष्टमावर जायचं तर उलट दिशेनं किंवा एकानं थांबून जायचं. त्याच काळात लाइपझिगला बाख चर्चसाठी दर आठवड्याला हेच कोराल लिहीत होता.

आजची तक्रार टेनरची. दादा म्हणाले, "सा वरून एकदम प, मग तिथंच. मला ही ओळ वाटत नाही, पाटी टाकल्यासारखं वाटतं." गाऊन बघितलं. सूर चुकत नव्हता, सा-प आपल्याला झोपेतही लागतो. पण त्याच क्षणी आल्टोही म वरून रे वर उडी मारते, म्हणजे मधले दोन्ही आवाज एकदम खाली कोसळतात आणि सोप्रानो एकटी वर राहते. दोष नाही, पण देखणंही नाही. कोरालमध्ये मधल्या आवाजांनी शक्यतो शेजारच्या सुरावर जावं किंवा थांबावं, तेव्हा बाहेरच्या दोन ओळी उठून दिसतात.

१२ नोव्हेंबर

दुसरी कॉर्डच बदलून बघितली. ध खाली म-ध-सा ऐवजी रे-म-ध चालेल. तिच्यात रे आहे, आणि पुढच्या प-नी-रे मध्येही रे आहे. म्हणजे कुणालातरी थांबता येईल. घाईत असं मांडलं:

```
सोप्रानो   प    ध
आल्टो     ग    म
टेनर      सा   रे
बास       सा,  रे,
```

आगीतून फुफाट्यात. टेनर-बास सा-सा वरून रे-रे: समांतर अष्टम. सोप्रानो-बास सा-प वरून रे-ध: समांतर पंचम, आणि तो थेट बाहेरच्या दोन आवाजांत, जिथे तो सगळ्यात उघडा ऐकू येतो. तिसऱ्या अक्षरावरचा दोष दुसऱ्या अक्षरावर आणला. आणि कारण पुन्हा तेच: बास मूळ सुरावरून शेजारच्या मूळ सुरावर, पंजा एक घर उजवीकडे.

मग बासला जुन्या जागी, म वरच ठेवलं, आणि कॉर्ड मात्र रे-म-ध चीच राहू दिली. म्हणजे कॉर्डचा मूळ सूर रे, पण तळाशी त्याचा मधला सूर म. हे करताच काय होतं ते कागदावर दिसलं. म च्या वर पंचम म्हणजे सा, आणि या कॉर्डमध्ये सा नाहीच. म च्या वर आता फक्त ध आणि रे आहेत, गंधाराचं आणि धैवताचं अंतर. दुसरा म कुणाला दिला नाही तर बासच्या वर ना पंचम आहे, ना अष्टम. जे नाही ते समांतर होणार कसं? शेजारच्या सुरांवर उतरताना-चढताना जुने लोक तळाशी मधला सूर ठेवून लिहायचे त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

आता उरलेले दोन सूर वाटायचे. आल्टोला म देऊन पाहिला आणि टेनरला रे. बासशी ते साफ होतं असं नाही, पण आधी दुसरंच दिसलं: सोप्रानो-टेनर सा-प वरून रे-ध, पुन्हा समांतर पंचम, या वेळी वरच्या तिघांतल्या दोघांत. बासवर नजर खिळली की ही जोडी निसटते, म्हणून सहाच्या सहा तपासायच्या. आल्टोला रे देऊन टेनरला खालचा म दिला, तर पुढे टेनर म वरून प वर आणि बासही म वरून प वर. तेही गेलं. शेवटी टेनरला ध दिला. सोप्रानोतही ध आहे, म्हणजे ध दोनदा झाला, पण पुढे सोप्रानो वर नी ला जाते आणि टेनर खाली प ला उतरतो, दोघे लगेच फाकतात.

```
सोप्रानो   प    ध    नी    सा'
आल्टो     ग    रे   रे    ग
टेनर      सा   ध,   प,    प,
बास       सा,  म,,  प,,   सा,
```

सहा जोड्या, तीन ठिकाणं, अठरा तपासण्या. एकही पंचम पंचमावर गेलेला नाही, एकही अष्टम अष्टमावर नाही. बासची ओळ पहिल्या दिवशी होती तीच आहे, सोप्रानोची तीच, बदलले ते मधले दोघे. आणि आल्टो: ग रे रे ग. एवढीशी, जागच्या जागी हलणारी ओळ. टेनर सा ध प प, मुक्कामाला उतरत आल्यासारखा.

रात्री दीड वाजता पेटी हळू दाबून चारही ओळी एकेक करून गायलो. कोराल तपासायची माझी शेवटची पायरी हीच: प्रत्येक ओळ एकटी गाता आली पाहिजे, आणि ती ओळ आहे असं वाटलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर

तालीम. जुनी प्रत आणि नवी प्रत लागोपाठ गाऊन घेतली, काहीही न सांगता. मग विचारलं, फरक काय? काका म्हणाले, "मी तेच गायलो, पण मघाशी मला सगळे ढकलत होते, आता धरून आहेत." दादांनी आपली ओळ दुसऱ्यांदा न बघता म्हटली.

दारात उभ्या असलेल्या एका आजोबांना दोन्ही वेळा किती जण गातात असं वाटलं ते विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या वेळी जास्त होते. अकराच होते.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपद संपवायचं नाही, गाणं पुढे आहे असं वाटायला हवं. तिथे शेवटी सा-ग-प च्या जागी ध-सा-ग ठेवली. सोप्रानो नी वरून सा' वर जाते तशीच जाणार, पण बास प वरून सा वर न जाता ध वर चढतो आणि कान फसतो.

पुन्हा बास एक घर वर, म्हणून हात सावध झाला. न विचार करता लिहिलं असतं तर टेनर प वरून ध वर गेला असता, बासशी अष्टमात, आणि आल्टो रे वरून ग वर, बासशी पंचमात. सोप्रानोला वर जावंच लागतं, नी ला दुसरी वाट नाही. म्हणून मधले दोघे खाली:

```
सोप्रानो   नी    सा'
आल्टो     रे    सा
टेनर      प,    ग,
बास       प,,   ध,,
```

यात सा दोनदा आला, म्हणजे ध-सा-ग या कॉर्डचा मधला सूर. एरवी मूळ सूर दोनदा देतात, पण या एका वळणावर मधला सूर दोनदा देणंच बरोबर, कारण ध दोनदा द्यायला गेलं की बासबरोबर कुणीतरी अष्टमात चढायला बघतो. टेनर-बास अष्टमावरून पंचमावर जातात, पण एक खाली आणि एक वर, म्हणून साफ.

२३ नोव्हेंबर

विद्यार्थ्यानं अजून एक जागा काढली. ध्रुवपदाच्या अगदी शेवटी सोप्रानो नी-सा' आणि बास प-सा, दोघेही वर जातात आणि अष्टमावर भेटतात. आधी अष्टम नव्हता, गंधाराचं अंतर होतं, त्यामुळे समांतर अष्टम नाही. पण दोघे एकाच दिशेनं येऊन अष्टमावर थडकतात याला लपलेला अष्टम म्हणतात, आणि बाहेरच्या दोन आवाजांत तो जपून वापरतात. इथे तो ठेवला. सोप्रानो अर्ध्या सुरानं सरकते आहे, उडी फक्त बासची आहे, आणि अशा वेळी कान सोप्रानोमागे जातो. सोप्रानोनंही उडी मारली असती तर बदलावं लागलं असतं.

त्याला मी कोऱ्या कागदावर फक्त सोप्रानो आणि बास लिहून दिले आहेत, पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीचे: ग रे सा रे ग, आणि खाली सा, प,, ध,, प,, सा,. मधले दोन आवाज त्यानं भरायचे. प वरून ध आणि ध वरून पुन्हा प, दोन्ही पायऱ्या त्याला सापडतात का ते बघायचं आहे. पहिलं जाणं मी सोपं ठेवलं आहे, सोप्रानो बासच्या उलट उतरते. परतताना सोप्रानो चढते आणि बास उतरतो, पण टेनर कुठे न्यायचा तिथे तो अडेल.

अंतिम प्रती ३० तारखेच्या तालमीला हव्यात. पहिल्या मसुद्याच्या उरलेल्या प्रती परत मागवल्या आहेत. मावशींनी आपली दिली नाही, तिच्यावर त्यांनी "इथे मी हरवते" असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.